हाताचा फोटो, नारळाचं नाक: आठवी-नववीसाठी रीटचिंगवरचा दोन तासिकांचा पाठ

या विषयावरचा पाठ बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने घेतला जातो. पडद्यावर एखाद्या अभिनेत्रीचे दोन फोटो दाखवायचे, एडिट करण्याआधीचा आणि नंतरचा, आणि सांगायचं, "बघा, हे सगळं खोटं असतं." मुलं हसतात, दोनचार शेरे मारतात, घंटा होते. तासिका रंगली असं वाटतं, पण त्यात दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. आधीचा फोटो म्हणजे दोष असलेला आणि नंतरचा म्हणजे सुधारलेला, हेच मुलांच्या मनात पक्कं होतं. ज्या मुलीच्या गालावर तशाच पुटकुळ्या आहेत, तिला आपला चेहरा 'आधीच्या' रांगेत बसतो हे लगेच कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, फोटो खोटा आहे हे कळलं की त्याचा त्रास थांबतो, असं होत नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलच्या शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातींवर तसं लिहावं लागतं. नॉर्वेत 2022 पासून शरीर किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर ठरावीक खूण लावावी लागते. पण अशा सूचना वाचून बघणाऱ्याचं स्वतःच्या शरीराबद्दलचं असमाधान कमी होतं का, हे तपासणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत फारसा फरक दिसला नाही. खोटा फोटो ओळखायला शिकवणं हा या पाठाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग आहे आपण तुलना कशी करतो आणि एकमेकांना काय बोलतो हा. खालचा पाठ तसाच बेतला आहे. 40 मिनिटांच्या दोन तासिका धरल्या आहेत आणि त्यांच्यात दोनतीन दिवसांचं अंतर असलेलं बरं.

एक नियम आधीच

कुठल्याही विद्यार्थ्याचा चेहरा पडद्यावर आणायचा नाही, एडिटही करायचा नाही. मुलं स्वतः पुढे आली, "सर, माझा घ्या" म्हणाली, तरी नाही. आज हसत पुढे आलेल्या मुलाचा नाक बारीक केलेला फोटो उद्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. म्हणून सगळा पाठ एका हाताच्या फोटोवर आणि एका नारळावर घ्यायचा. हाताच्या फोटोवरून कोणी कोणाशी तुलना करत नाही, पण त्वचेचं सगळं काम त्यावर नीट दाखवता येतं.

आदल्या दिवशीची तयारी

शक्यतो काम केलेला हात निवडा. शिक्षकांचा स्वतःचा हात चालेल. बोटांच्या पेरांवर सुरकुत्या, एखादा चटक्याचा डाग, नखाशी शाईचा ठिपका असेल तर उत्तम. आलेखाच्या वहीचं एक पान टेबलावर ठेवा, त्यावर हात पालथा ठेवा आणि खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने वरून फोटो काढा. आलेखाच्या रेघा फोटोत स्वच्छ दिसल्या पाहिजेत, पुढे त्यांचा उपयोग आहे.

आता संगणकावर GIMP या मोफत प्रोग्राममध्ये या फोटोच्या तीन प्रती तयार करायच्या. आधी Image > Scale Image मध्ये जाऊन फोटोची रुंदी 1600 पिक्सेलवर आणा. फोटो मोठा ठेवला तर पुढचे आकडे अपुरे पडतात आणि 'काहीच झालं नाही' असं वाटतं.

पहिली प्रत गुळगुळीत करायची. Filters > Blur > Selective Gaussian Blur उघडा, Blur radius 12 आणि Max. delta 0.15 पासून सुरुवात करा आणि पेरांवरच्या बारीक रेषा जाईपर्यंत आकडे हळूहळू वाढवा. हा फिल्टर शेजारच्या पिक्सेलमधला थोडा फरक पुसून टाकतो आणि मोठा फरक तसाच ठेवतो. त्यामुळे हाताची कडा धारदार राहते आणि आतली त्वचा मेणासारखी होते. फोनवरचे 'स्मूद'वाले फिल्टर साधारण याच तत्त्वावर चालतात.

दुसऱ्या प्रतीत बोटं बारीक करायची. W दाबून Warp Transform हत्यार घ्या, Move pixels हा पर्याय ठेवा, ब्रश बोटाच्या जाडीपेक्षा थोडा मोठा घ्या आणि बोटाची कडा आतल्या बाजूला हलकेच ढकला. झालं की Enter दाबा. बोटाशेजारच्या आलेखाच्या रेघाही आत वाकतात. त्या दुरुस्त करू नका, तशाच राहू द्या.

तिसऱ्या प्रतीत हात उजळायचा. F दाबून Free Select ने हाताभोवती रेघ मारून निवड पूर्ण करा, Select > Feather मध्ये 10 पिक्सेल द्या, मग Colors > Curves उघडून रेषेचा मध्य थोडा वर उचला. हात उजळ होईल, कागद आहे तसाच राहील.

मूळ फोटो आणि या तीन प्रती, अशी चार चित्रं झाली. प्रोजेक्टर नसेल तर चारही रंगीत छापून घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर त्वचेचे बारकावे जातात आणि सगळे हात सारखेच दिसतात.

पहिली तासिका: चित्रातून काय गेलं

सुरुवातीला काहीही न सांगता गुळगुळीत केलेला हात दाखवा आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहा. हा हात किती वर्षांच्या माणसाचा असेल? हा माणूस दिवसभर काय काम करत असेल? आज सकाळी या हाताने काय केलं असेल? मुलांना तीन मिनिटं वहीत लिहू द्या. वयाचा अंदाज बराच खाली येतो आणि उरलेल्या दोन प्रश्नांना मुलं अडखळतात. मग मूळ फोटो दाखवून तेच प्रश्न पुन्हा विचारा. आता कोणी म्हणेल शाई दिसतेय, म्हणजे पेपर तपासले असतील. कोणी चटक्याचा डाग बघून स्वयंपाक करणारा हात म्हणेल.

इथे थांबून फळ्यावर दोन रकाने करा, 'काय गेलं' आणि 'काय आलं'. पहिला रकाना मुलंच भरतात: सुरकुत्या, डाग, शाई, वय, काम. दुसऱ्या रकान्यात लिहायला काहीच सापडत नाही. गुळगुळीत करणं म्हणजे चित्रातली माहिती पुसणं, ही गोष्ट या रिकाम्या रकान्यातून जितकी कळते तितकी व्याख्येतून कळत नाही. 'सुंदर' किंवा 'कुरूप' हे शब्द तुम्ही स्वतः वापरू नका. मुलांनी वापरले तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे एवढंच विचारा.

मग बारीक बोटांचं चित्र दाखवा आणि काय बदललं ते शोधायला सांगा. कोणीतरी वाकलेल्या आलेखाच्या रेघेवर बोट ठेवेलच. खिडकीचे गज, फरशीच्या जोडरेघा, दाराची चौकट, चौकड्यांचा शर्ट, अशा सरळ रेघा कमरेजवळ किंवा दंडाजवळ वाकलेल्या दिसल्या, तर तिथे ढकलाढकल झालेली असते. चेहरा मेणासारखा पण मान आणि हात खडबडीत, ही दुसरी खूण. कानाजवळचे सुटे केस एकदम संपलेले किंवा धुरकट, ही तिसरी.

पण या खेळात दहा मिनिटांपेक्षा जास्त रमू नका, आणि त्याची मर्यादा त्याच दमात सांगा. अनेक नवी ॲप्स माणसाला पार्श्वभूमीपासून वेगळं काढतात आणि मागच्या रेघा सरळच ठेवतात. व्हिडिओतही चेहरा चालता चालता बदलला जातो. म्हणजे खूण सापडली तर बदल झाला असं म्हणता येईल, पण खूण नाही म्हणून फोटो मूळचा आहे असं म्हणता येणार नाही. हे न सांगता तासिका संपवली तर मुलं घरी जाऊन फोटो झूम करकरून बघतात, काही सापडलं नाही की "ही खरंच अशी दिसते" असं ठरवतात, आणि तुलना आधीपेक्षा बोचरी होते.

नारळाचं नाक

पहिल्या तासिकेची शेवटची पंधरा मिनिटं या प्रयोगाला ठेवा. फिल्टर नसलेला फोटो म्हणजे खरा चेहरा, ही समजूतही मोडायची आहे. आपलं नाक मोठं आहे असं सेल्फी बघून ठरवलेली मुलं वर्गात असतातच.

सुमारे 12 सेंटिमीटर रुंदीचा सोललेला नारळ वाटीत बसवा. त्याच्या मधोमध शाडूच्या मातीने काडेपेटी चिकटवा, अशी की तिची 5 सेंटिमीटरची बाजू पुढे येईल आणि समोरून तिची 3.5 सेंटिमीटर रुंदी दिसेल. आता पहिला फोटो काडेपेटीपासून 30 सेंटिमीटरवरून काढा. सेल्फी साधारण एवढ्याच अंतरावरून निघतो. दुसरा फोटो दीड मीटरवरून, झूम करून, नारळ चौकटीत तेवढाच मोठा दिसेल असा काढा. दोन्ही वेळा फोन काडेपेटीच्या बरोबर समोर आणि त्याच उंचीवर हवा, आणि ब्यूटी मोड बंद हवा. अंतर टेपने मोजा, अंदाजाने नको.

दोन्ही फोटो पडद्यावर असे लावा की नारळ 12 सेंटिमीटर रुंद दिसेल, आणि मुलांना पट्टीने 'नाक' मोजू द्या. दीड मीटरवरच्या फोटोत ते पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास भरतं आणि 30 सेंटिमीटरवरच्या फोटोत पावणेपाचच्या आसपास. सव्वापट! एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतील. फरक फारच कमी आला तर बहुतेक दुसरा फोटो पुरेशा लांबून काढलेला नसतो.

कारण भूमितीत आहे आणि आठवीच्या मुलांना समजतं. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते. 30 सेंटिमीटरवर असताना नाक आणि नारळाची कडा यांच्या अंतरांत मोठं प्रमाण असतं, कडा नाकापेक्षा सुमारे एकतृतीयांश जास्त लांब असते. दीड मीटरवर तोच फरक किरकोळ ठरतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली माणसाच्या चेहऱ्यासाठी हाच हिशोब मांडला. त्यांच्या गणितानुसार 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं. यात भिंगाचा दोष नाही, अंतराचा परिणाम आहे.

जाता जाता मुलांना घरच्या फोनचं एक काम द्या. पुढच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ब्यूटी', 'स्मूद' किंवा 'फेस रीटचिंग' असं काही आधीपासून चालू आहे का ते बघून यायचं. बऱ्याच फोनमध्ये ते कोणी न सांगता चालू असतं. गुगलने 2020 मध्ये आपल्या पिक्सेल फोनवर हे मूळ बंद ठेवायचं आणि त्याला 'ब्यूटी' असं नाव द्यायचं नाही, असं ठरवलं. ही माहिती दुसऱ्या तासिकेच्या सुरुवातीला सांगा.

दुसरी तासिका: 'थोडं उजळ करू का?'

आपल्याकडे रीटचिंग फोनमधून आलं नाही, ते फोटो स्टुडिओतून आलं. पासपोर्ट फोटो काढताना "थोडं उजळ करू का?" हा प्रश्न विचारण्याआधीच काम झालेलं असतं. लग्नाच्या बायोडेटातला फोटो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे चेहरे, लग्नाचा अल्बम, सगळीकडे रंग दोन छटा वर गेलेला असतो. म्हणून ही तासिका परदेशी मॉडेलवर नको, आपल्या रंगावर घ्या.

तिसरं, उजळ केलेल्या हाताचं चित्र मूळ चित्राशेजारी लावा आणि विचारा, "उजेड जास्त पडला म्हणून हात उजळ दिसतोय का?" मुलांची नजर आलेखाच्या पानाकडे न्या. उजेड वाढला असता तर कागदही उजळला असता. तो तसाच आहे, म्हणजे फक्त कातडीचा रंग बदललाय. फोटोत पांढरा सदरा किंवा भिंत असेल तर हीच कसोटी तिथेही लागते.

मग जाहिरातींकडे वळा. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतात 1975 मध्ये आलं आणि 2020 मध्ये त्याचं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने 2014 मध्ये त्वचा उजळणाऱ्या उत्पादनांसाठी नियम केले. सावळ्या रंगाचा माणूस दुःखी, अनाकर्षक किंवा नोकरी-लग्नात मागे पडलेला दाखवायचा नाही, असा त्यांचा आशय आहे. मुलांना चारचारच्या गटात बसवा आणि विचारा, "हा नियम आपल्या घरातल्या बोलण्याला लावला तर कुठली वाक्यं बंद करावी लागतील?" याला बारा मिनिटं द्या. 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील', 'रंग सावळा आहे पण नाकीडोळी छान' अशी वाक्यं भराभर निघतात. त्या 'पण'वर रेंगाळा. सावळा आणि छान यांच्यामध्ये 'पण' कशासाठी, हे मुलांनाच सांगू द्या. आईला किंवा आजीला दोषी ठरवण्याकडे चर्चा वळू लागली तर थांबवा. ती वाक्यं त्यांनीही लहानपणी ऐकलेली असतात.

यानंतर एक चिठ्ठी. नाव लिहायचं नाही, उत्तरही लिहायचं नाही, फक्त खूण करायची, कारण वर्गात अक्षर सगळे ओळखतात. प्रश्न तीनच. एक फोटो टाकण्याआधी किती काढतो: 1, 5 पर्यंत, की जास्त. स्वतःचा फोटो आला की आधी काय बघतो: रंग, पुटकुळ्या, नाक, केस, दाढी, दंड, जाडी, उंची, काहीच नाही. त्याबद्दल आधी कोणी काही बोललं होतं का: हो की नाही. मुलग्यांच्या आणि मुलींच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत गोळा करून बेरजा तेवढ्या फळ्यावर मांडा. मुलांना बाकीच्यांचीही नजर अशी एकाच जागी जाते हे पहिल्यांदा दिसतं. मुलग्यांच्या खुणा उंची, दंड, दाढी, पुटकुळ्या यांवर पडतात. त्या आकड्यांवर मुद्दाम बोला, कारण हा विषय मुलींचा आहे असं मुलगे तोवर धरून बसलेले असतात.

शेवटची दहा मिनिटं बोलण्याच्या सरावाला. "किती बारीक झालीस!", "फिल्टर मारलास ना?", "गोरा दिसतोयस" या तीन शेऱ्यांच्या जागी, शरीराचा उल्लेख न करता, मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या फोटोखाली काय लिहाल? सुरुवातीला मुलं 'मस्त', 'भारी' एवढंच लिहितात. "हा फोटो कुठे काढला? तेव्हा काय चाललं होतं?" असं विचारलं की शब्द सुचतात.

अडतं कुठे

कोणीतरी विचारतंच, "बाई, फिल्टर लावून मी छान दिसते, मला बरं वाटतं, मग त्यात वाईट काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, त्यावर ओरडू नका. उलट विचारा, "फिल्टर काढल्यावर स्वतःचा चेहरा बघताना कसं वाटतं? तेवढंच बरं, की आधीपेक्षा कमी?" उत्तर वर्गात मागू नका. कानांवर सशाचे कान लावणारा फिल्टर आणि नाक गुपचूप बारीक करणारा फिल्टर यांतला फरकही इथेच सांगा. पहिला बघणाऱ्याला माहीत असतो. दुसरा काही दिवसांनी वापरणाऱ्यालाही जाणवेनासा होतो.

"तुम्ही सगळे सुंदरच आहात" हे वाक्य टाळा. हेतू चांगला असतो, पण त्यातून दिसणं हीच परीक्षा राहते, फक्त सगळ्यांना पास केलं जातं.

वर्गात कोड, भाजल्याचा व्रण किंवा दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया झालेलं मूल असेल तर त्याच्याशी आणि पालकांशी आदल्या दिवशी बोला, पाठात काय येणार ते सांगा आणि त्याला उदाहरण करू नका. तसंच पुटकुळ्या झाकायला पावडर लावणाऱ्या मुलीला "हे कशाला?" असं विचारू नका. पाठ दबावाबद्दल आहे, तिच्या पावडरीबद्दल नाही.

काही मुलांचा त्रास पाठाने भागणारा नसतो. एकाच अवयवासाठी तासन् तास आरशासमोर उभं राहणं, चेहरा सतत ओढणीने किंवा मास्कने झाकणं, फोटोच्या दिवशी शाळा बुडवणं, जेवण सोडणं, शस्त्रक्रियेचा हट्ट धरणं, असं काही आठवडे दिसलं तर समुपदेशकांना भेटवा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत आहे. मुलांसाठी 1098 हा क्रमांकही आहे. दुसऱ्या तासिकेच्या शेवटी हे दोन्ही क्रमांक फळ्यावर लिहा आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला सांगा, म्हणजे कोणा एकाला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

ओळखपत्राचा फोटो

या पाठानंतर शाळेनेच नेमलेल्या फोटोग्राफरने सगळ्या वर्गाचे चेहरे घासूनपुसून उजळ केले, तर मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. त्यामुळे ओळखपत्राचे फोटो ठरवतानाच फोटोग्राफरना चार गोष्टी सांगून ठेवा. कॅमेरा मुलापासून किमान दीड मीटरवर हवा. पाठीमागे फिकट राखाडी किंवा पांढरा कागद लावायचा. उजेड एकाच बाजूने न येता समोरून यावा, म्हणजे पुटकुळ्यांच्या सावल्या पडत नाहीत आणि मग घासण्याची गरजही वाटत नाही. आणि तयार फाइलमध्ये रंग, त्वचा, आकार यांपैकी काहीही बदलायचं नाही. छपाईआधी एक नमुना मागवा आणि प्रत्यक्ष मुलाशेजारी नव्हे, मागच्या कागदाच्या रंगाशी ताडून बघा. कागद जसा होता तसाच दिसत असेल आणि चेहरा मात्र उजळलेला असेल, तर फोटो परत पाठवा.